बेटकुळी फुगते तेव्हा दंडामागचा स्नायू काय करतो?

पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली उजव्या हातात घ्या. दंड बाजूला टेकवून कोपर सरळ ठेवा. आता डाव्या हाताने उजवा दंड असा धरा, की अंगठा पुढच्या बाजूला आणि बोटे मागच्या बाजूला येतील. बाटली सावकाश खांद्याकडे उचला. अंगठ्याखाली बेटकुळी टणक होत गेलेली जाणवेल. बोटांखालचा भाग मात्र मऊ, लोंबता राहील.

आता बाटली तितक्याच सावकाश खाली आणा. कोपर सरळ होत आहे, म्हणजे आता मागचा स्नायू कामाला लागेल, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली आकृतीही तेच सुचवते: हात वाकला की पुढचा स्नायू आकुंचन पावतो, सरळ झाला की मागचा. पण बोटांखाली काहीच घडत नाही. मागचा भाग मऊच असतो, आणि बेटकुळी खाली येतानाही टणकच असते.

बाटली ठेवून द्या आणि तळहात टेबलावर टेकवून टेबल खाली दाबा. हाताची बोटे मागे होती तिथेच असू द्या. आता चित्र उलटते. मागचा स्नायू दगडासारखा होतो आणि बेटकुळी सैल पडते.

या दोन मिनिटांच्या खेळात जे हाताला लागते, त्याचा उलगडा व्हायला शरीरशास्त्राला बरीच वर्षे लागली. आणि त्या उलगड्यातला अर्धा भाग आजही जिममध्ये चुकीचा सांगितला जातो.

ओढता येते, ढकलता येत नाही

सुरुवात एका साध्या मर्यादेपासून होते. स्नायू फक्त ओढू शकतो. तो आखडतो आणि सैल पडतो. स्वतःहून लांब होऊन हाडाला ढकलणे त्याला जमत नाही. त्यामुळे सांधा दोन्ही बाजूंना हलवायचा तर दोन बाजूंना दोन स्नायू लागतात. टांग्याच्या घोड्याला जसे दोन लगाम, तसे. उजवीकडे वळवायचे तर उजवा लगाम ओढायचा आणि डावा सैल सोडायचा. दोन्ही एकदम ओढले तर घोडा वळत नाही, जागेवर थांबतो.

कोपराचा पुढचा लगाम म्हणजे बायसेप्स. त्याच्या खाली लपलेला ब्रेकिअ‍ॅलिस नावाचा स्नायू खरा राबणारा असतो, पण तो दिसत नाही म्हणून त्याचे नाव कोणी घेत नाही. मागचा लगाम म्हणजे ट्रायसेप्स. त्याची तीन तोंडे वर खांद्याच्या आणि दंडाच्या हाडाला चिकटलेली असतात आणि खालचे टोक कोपराच्या मागच्या टोकदार हाडाला. बायसेप्स-ट्रायसेप्स ही विरोधी स्नायूंची जोडी. विरोधी हा शब्द जरा दिशाभूल करणारा आहे, कारण ती दोघे बहुतेक वेळा भांडत नाहीत. एक काम करतो तेव्हा दुसरा वाट सोडतो. प्रश्न एवढाच, की वाट सोडायला त्याला सांगते कोण?

आधी हे पाहू, की वाट सोडली नाही तर किती महाग पडते. समजा एखाद्याने 5 किलोचे डंबेल उचलले आहे आणि कोपर काटकोनात आहे. डंबेल कोपरापासून साधारण 35 सेंटीमीटरवर आहे. हाताचे स्वतःचे वजन दीड किलोच्या आसपास, ते कोपरापासून 15 सेंटीमीटरवर एकवटले आहे असे धरू. पुढचे स्नायू मात्र कोपराच्या अगदी जवळून, जेमतेम 4 सेंटीमीटरवरून ओढतात. तरफेचा हिशेब मांडला तर 5 गुणिले 35 म्हणजे 175, अधिक दीड गुणिले 15 म्हणजे साडेबावीस. बेरजेला 4 ने भागले की उत्तर येते जवळपास 50. म्हणजे 5 किलोचे डंबेल नुसते धरून ठेवायला पुढच्या स्नायूंना 50 किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. हात वेगाने हलावा म्हणून शरीराने ही तडजोड केली आहे. स्नायू एक सेंटीमीटर आखडला की हात आठ-नऊ सेंटीमीटर सरकतो, पण जोराची किंमत तितक्याच पटीने मोजावी लागते.

आता याच वेळी ट्रायसेप्स 15 किलोच्या जोराने उलट ओढत असेल, आणि तो कोपरापासून 2 सेंटीमीटरवर ओढतो असे धरले, तर बायसेप्सच्या बाजूला आणखी साडेसात किलोचा भार पडेल. डंबेल तेवढेच, काम तेवढेच, पण दोन्ही स्नायू जास्त थकतील आणि कोपराच्या सांध्यावर दोन्ही बाजूंनी दाब येईल. नवा माणूस पहिल्या दिवशी जिममध्ये गेल्यावर नेमके हेच होते. त्याचे हात थरथरतात, तो दात-ओठ खातो, सगळे अंग ताठ करतो. त्याचे स्नायू दुबळे असतात असे नाही. मागचा लगाम सोडण्याची सफाई अजून आलेली नसते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन भराभर वाढते, पण दंडाचा घेर तसाच राहतो, यामागे जी कारणे आहेत त्यांतले हे एक आहे.

खाली येतानाच्या गमतीचा उलगडाही याच हिशेबात आहे. डंबेल खाली नेणारी शक्ती गुरुत्वाकर्षण ही आहे, ट्रायसेप्स नव्हे. ती फुकट मिळते. डंबेल एकदम आदळू नये म्हणून कोणीतरी धरून ठेवायला हवे, आणि ते काम पुढचेच स्नायू करतात. विहिरीत बादली सोडताना दोर हातातून हळूहळू सरकू द्यावा, तसा बायसेप्स ताणलेल्या अवस्थेत लांब होत जातो. पन्नास किलोचा जोर उतरतानाही जवळपास तेवढाच लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड जो ठणकतो, तो उचलण्यामुळे कमी आणि या सावकाश उतरवण्यामुळे जास्त. उतरताना ट्रायसेप्सने ओढायला सुरुवात केली असती, तर डंबेल आणखी वेगाने खाली आले असते.

मग ट्रायसेप्स कधी लागतो? जिथे गुरुत्वाकर्षण कोपर सरळ करून देत नाही तिथे. टेबल दाबताना, जोर मारताना, किंवा पाठीवर झोपून डंबेल छताकडे ढकलताना. कोपराची हालचाल तीच, पण स्नायू वेगळा. म्हणून कोणता स्नायू राबतो आहे हे सांध्याकडे बघून ठरवता येत नाही. वजन कुठल्या दिशेला ओढते आहे ते पाहावे लागते.

मज्जारज्जूतला मधला माणूस

आता मूळ प्रश्न. वाट सोडायला कोण सांगते?

प्रत्येक स्नायूच्या आत, त्याच्या तंतूंना समांतर, सूत कातायच्या चातीसारख्या आकाराचे काही मिलिमीटर लांबीचे बारीक अवयव असतात. इंग्रजीत त्यांना मसल स्पिंडल म्हणतात, त्याचाही अर्थ चातीच. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने ताणला गेला, याची वर्दी या चात्या देतात. वर्दी जाड, अतिशय वेगवान चेतातंतूंवरून मज्जारज्जूत जाते. तिथे पोहोचल्यावर त्या तंतूच्या शाखा फुटतात. एक शाखा थेट त्याच स्नायूला हुकूम देणाऱ्या चेतापेशीला भेटते आणि सांगते: आखड. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो याच वाटेने. हातोडी पडल्यापासून स्नायूत विद्युत हालचाल दिसेपर्यंत साधारण 20 मिलिसेकंद लागतात. मेंदूला विचारायला तेवढ्यात वेळच नसतो.

दुसरी शाखा एका छोट्या मधल्या चेतापेशीला भेटते. ही मधली पेशी विरोधी स्नायूच्या चेतापेशीपर्यंत जाते आणि तिथे ग्लायसिन नावाचे रसायन सोडते. ग्लायसिनचा अर्थ एकच: गप्प बस. एक स्नायू जागा होतो त्याच वेळी त्याचा जोडीदार गप्प होतो. एकच वर्दी, दोन विरुद्ध परिणाम. याला रेसिप्रोकल इनहिबिशन म्हणतात. मराठीत परस्पर-अवरोध म्हणता येईल.

डंबेल उचलताना मात्र मेंदू चातीच्या वर्दीची वाट पाहत बसत नाही. वरून खाली येणारा हुकूम बायसेप्सच्या चेतापेशीला जातो, आणि त्याच हुकुमाची एक प्रत त्या मधल्या पेशीलाही जाते. पायाच्या घोट्यावर माणसांमध्ये जी मोजमापे झाली आहेत त्यांत असे दिसते, की विरोधी स्नायू गप्प होण्याची सुरुवात हालचालीच्या किंचित आधीच होते. कोणी दार ढकलण्याआधी आतून कडी काढून ठेवावी, तसे.

हे प्रथम पद्धतशीरपणे दाखवले ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी. 1890 च्या दशकातला त्यांचा डोळ्यावरचा प्रयोग आजही वाचताना थक्क करतो. माकडाच्या एका डोळ्याला फिरवणाऱ्या नसांपैकी त्यांनी बाहेरच्या बाजूला ओढणाऱ्या स्नायूची नस तेवढी शाबूत ठेवली आणि आत ओढणाऱ्या स्नायूच्या नसा कापून टाकल्या. साहजिकच तो डोळा बाहेरच्या बाजूला वळून बसला. मग मेंदूच्या अशा भागाला त्यांनी विद्युत उत्तेजना दिली, की दोन्ही डोळे विरुद्ध बाजूला वळावेत. शाबूत डोळा वळला. आणि जो डोळा ओढायला आत कोणी उरलेच नव्हते, तोही मध्यापर्यंत आला. याला एकच स्पष्टीकरण होते: बाहेर ओढून धरणाऱ्या स्नायूला सैल पडण्याचा हुकूम मिळाला. सैल पडणे म्हणजे हुकुमाचा अभाव, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत होती. शेरिंग्टन यांनी दाखवले, की सैल पाडणे हेही मज्जासंस्थेचे काम आहे. त्यांना 1932 मध्ये नोबेल मिळाले.

त्यांचेच विद्यार्थी जॉन एकल्स यांनी 1951 मध्ये न्यूझीलंडच्या ड्यूनेडिन शहरात केसाहून बारीक काचेची नळी मांजराच्या मज्जारज्जूतल्या एकेका चेतापेशीत घातली. पेशी मांडीमागच्या स्नायूची होती, आणि वर्दी पाठवली मांडीपुढच्या स्नायूच्या नसेतून. वर्दी पोहोचताच पेशीच्या आतला विद्युतदाब खाली घसरला. पेशी पेटायच्या स्थितीपासून आणखी दूर गेली. चेतापेशी एकमेकींशी थेट विजेने बोलतात, असा एकल्स यांचा वर्षानुवर्षांचा आग्रह होता. हा आलेख पाहिल्यावर त्यांनी तो सोडला आणि रसायनाची बाजू घेतली. हट्टी वादपटूने आपल्याच प्रयोगापुढे इतक्या सरळपणे मान तुकवावी, हे विज्ञानातही रोज घडत नाही.

धनुर्वात: कडी निघतच नाही तेव्हा

हा गप्प बसवणारा हुकूम किती महत्त्वाचा आहे, हे तो बंद पडतो तेव्हा कळते. आपल्या भाषेत त्या अवस्थेचे नावच तिचे चित्र आहे. धनुर्वात. शरीर धनुष्यासारखे वाकते, डोके आणि टाचा तेवढ्या अंथरुणाला टेकतात.

धनुर्वाताचा जिवाणू माती, शेण, गंजकी खिळे-पत्रे यांतून खोल जखमेत शिरतो. जिथे हवा पोहोचत नाही तिथे तो वाढतो आणि विष तयार करतो. हे विष चेतातंतूच्या टोकातून आत शिरून उलट्या दिशेने मज्जारज्जूपर्यंत चढते, आणि तिथे नेमके त्या गप्प बसवणाऱ्या पेशींवर हल्ला करते. ग्लायसिन पेशीच्या टोकाशी पिशव्यांमध्ये भरलेले असते. ती पिशवी उघडायला जे प्रथिन लागते तेच हे विष कापून टाकते. ग्लायसिन आहे, पण बाहेर येत नाही. त्याच्यासोबत काम करणारे दुसरे शामक रसायन, गाबा, त्याचीही तीच गत.

परिणाम असा, की कुठलीही छोटी वर्दी, दाराचा आवाज, अंगावर पडलेला प्रकाश, नर्सचा हात, सगळ्या स्नायूंना एकदम जागे करते. विरोधी जोड्यांतले दोघेही पूर्ण ताकदीने ओढतात, आणि मग जो जास्त बलवान तो जिंकतो. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी दणकट, म्हणून दातखीळ बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंवर मात करतात, म्हणून शरीराचे धनुष्य होते. पायांत सरळ करणारे वरचढ, म्हणून पाय ताठ. हातांत मात्र बरेचदा वाकवणारे जिंकतात आणि कोपरे दुमडतात. रोग्याच्या शरीराकडे पाहून कोणत्या जोडीत कोण बलवान आहे याचा तक्ता मांडता यावा, इतके ते स्पष्ट असते. रोगी पूर्ण शुद्धीत असतो, हे यातले सर्वांत क्रूर. श्वासाचे स्नायू आखडले की जीव जातो.

अशा रोग्याला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवतात आणि डायझेपामसारखी औषधे देतात, ती उरल्यासुरल्या गाबाचा परिणाम वाढवतात. चेतापेशींत एकदा घुसलेले विष बाहेर काढता येत नाही. नवी टोके फुटेपर्यंत काही आठवडे काढावे लागतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसाला त्या आजारापासून संरक्षण मिळत नाही, कारण जीव घेण्याइतके विषही शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी करण्याइतके नसते. त्यालाही लस घ्यावीच लागते. आपल्या लसीकरणात जी लस पूर्वी टीटी म्हणून ओळखली जायची, तिची जागा आता टीडीने घेतली आहे; तिच्यात घटसर्पाचीही लस असते.

कोकणात काजऱ्याचे झाड सर्वांना माहीत असते. त्याच्या बिया म्हणजे कुचला, आणि कुचल्यातले विष म्हणजे स्ट्रिक्निन. तेही याच ठिकाणी घात करते, पण दुसऱ्या टोकाकडून. धनुर्वाताचे विष ग्लायसिन बाहेर येऊ देत नाही. स्ट्रिक्निन ग्लायसिन जिथे बसायचे ती जागाच अडवते. पत्र टाकणारा अडवला काय किंवा पेटी बंद केली काय, निरोप पोहोचत नाही. झटके जवळपास सारखेच दिसतात. शेरिंग्टन यांनी ही दोन्ही विषे प्रयोगांत वापरली. एरवी ज्या उत्तेजनेने जबडा उघडायचा, त्याच उत्तेजनेने आता तो आवळून मिटतो, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे.

ताण देताना

हेच यंत्र व्यायामात ताण देताना उपयोगी पडते, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण जितके सांगतात तितके नाही.

मांडीमागचे स्नायू ताणायचे आहेत असे धरू. बसून बसून ते आखडतात आणि वाकून पायाचे अंगठे धरणे अवघड होते. पहिली चूक असते ती धक्के देण्याची. वाकायचे, उठायचे, पुन्हा झटक्याने वाकायचे. चाती ताणाच्या वेगाला प्रतिसाद देते. झटका बसला की ती ओरडते, आणि ताणायला घेतलेला स्नायूच उलट आखडतो. सावकाश गेले तर ती फारशी ओरडत नाही.

जास्त चांगली रीत अशी. पाठीवर झोपावे, एक पाय जमिनीवर सरळ. दुसऱ्या पायाची मांडी उभी करून दोन्ही हातांनी गुडघ्याच्या मागून धरावी. आता हातांनी पाय न ओढता, मांडीपुढचा स्नायू आवळून गुडघा सावकाश सरळ करत न्यावा. जिथे मागे ताण बसेल तिथे 20 ते 30 सेकंद थांबावे, श्वास रोखू नये, आणि पुढचा स्नायू आवळलेलाच ठेवावा. पुढचा आवळला की परस्पर-अवरोधाने मागच्याला गप्प बसण्याचा निरोप जातो. दंडालाही हे लागू आहे. हात मागे नेऊन, तळवा खाली वळवून, कोपर ट्रायसेप्सच्या जोरावर सरळ केले की बायसेप्स ताणला जातो.

ताण योग्य ठिकाणी आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. ओढ मांडीच्या मागच्या मधल्या, मांसल भागात जाणवली पाहिजे. गुडघ्याच्या मागे आग होत असेल किंवा पावलापर्यंत मुंग्या येत असतील, तर ताण स्नायूला नव्हे, मांडीमागून जाणाऱ्या मोठ्या नसेला बसतो आहे. पावलाची बोटे स्वतःकडे ओढली की ती नस आणखी ताणली जाते. अशा वेळी पाय थोडा खाली घ्यावा आणि बोटे सैल सोडावीत. मुंग्या वारंवार येत असतील तर ताण देणे थांबवून कंबर तपासून घ्यावी.

आता मर्यादा. अवरोधामुळे मागचा स्नायू ढिला पडतो आणि म्हणून पाय जास्त वर जातो, हे स्पष्टीकरण ऐकायला नेटके आहे. पण त्या स्नायूवर विद्युत नोंद घेणारे पट्टे लावून पाहिले, तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. एक, सावकाश ताणताना मागचा स्नायू मुळातच जवळजवळ शांत असतो. जो बोलतच नाही त्याला गप्प काय बसवणार? दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. पुढचा स्नायू जोरात आवळल्यावर मागच्यात काही जणांमध्ये हालचाल उलट वाढलेली दिसली. जोर लावला की शरीर सांधा घट्ट धरायला बघते, दोन्ही लगाम थोडे थोडे ओढते. शिवाय अवरोध आवळणे थांबताच विरून जातो. तासाभराने अंगठे धरता येतात त्याचे श्रेय त्याला देता येत नाही.

मग पाय जास्त वर का जातो? बहुतांशी, माणसाला तीच ओढ आता कमी त्रासदायक वाटते म्हणून. तेवढाच ताण सहन करायची तयारी वाढते. पुढचा स्नायू आवळून ताण देणे तरीही फायद्याचे आहे, कारण पाय आपल्या ताकदीने जिथवर जातो तिथवरच नेला जातो आणि दुखापतीचा धोका घटतो. फक्त त्याचे कारण जिमच्या फळ्यावर लिहितात तेवढे सरळ नाही.

दोन्ही लगाम एकदम ओढणे नेहमीच बिघाड असते असेही नाही. काठोकाठ भरलेला चहाचा कप नेताना, अंगावर आलेला चेंडू पकडताना, ओल्या फरशीवर चालताना शरीर मुद्दाम दोन्ही बाजू आवळते. सांधा ताठ होतो आणि अनपेक्षित धक्क्याने हलत नाही. दंड फुगवून दाखवतानाही तेच होते. त्या वेळी मागे बोटे लावली तर ट्रायसेप्सही टणक लागेल. अवरोध म्हणजे कुलूप नव्हे. मेंदू कामाप्रमाणे तो वाढवतो आणि कमी करतो.

ही वाढ-घट करण्याची सोयच पक्षाघातानंतर अनेकांची जाते. मेंदूकडून येणारा ताबा सुटतो, अवरोध क्षीण होतो, आणि कोपर दुमडून छातीशी राहते. रोगी हात सरळ करायचा प्रयत्न करतो तेव्हा ट्रायसेप्स दुबळा असल्यासारखा वाटतो. पुष्कळदा तो दुबळा असतोही, पण त्याच वेळी बायसेप्स सोडायला तयार नसतो. घरच्या माणसांनी ओळखायची खूण म्हणजे वेग. हात पटकन सरळ करायला गेले की तो अडतो, अगदी सावकाश नेला की बराच पुढे जातो. म्हणून अशा हाताला झटका देऊन कपडे घालू नयेत. कोपराला आधार देऊन, सेकंद मोजत उघडावे. सावकाश नेऊनही हात एका ठिकाणी अडतच असेल तर स्नायू आणि सांधा प्रत्यक्ष आखूड झाला आहे, आणि ते फिजिओथेरपिस्टला लगेच दाखवायला हवे.

काही रोग्यांना बायसेप्समध्ये बोट्युलिनमचे इंजेक्शन देतात. हे विष धनुर्वाताच्या जिवाणूच्या सख्ख्या भावंडाचे. तेही रसायनाच्या पिशव्या उघडू देत नाही, पण ते मज्जारज्जूपर्यंत न जाता स्नायूपाशीच थांबते आणि आखडण्याचा हुकूमच अडवते. एक भाऊ शरीराचे धनुष्य करतो, दुसरा मोजक्या मात्रेत दुमडलेले कोपर सैल करतो. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, आणि त्या काळात ट्रायसेप्सकडून काम करून घेतले नाही तर इंजेक्शनचा फारसा उपयोग होत नाही.

रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा घरोघरी जो उपाय करतात, त्यातही हीच जोडी आहे. पाय सरळ करून पावलाची बोटे स्वतःकडे ओढायची. हाताने ओढली तर पोटरी ताणली जाते आणि गोळा सुटतो. पण नडगीच्या पुढच्या स्नायूने, म्हणजे पायाच्याच जोराने बोटे वर घेतली, तर ताणासोबत पोटरीला गप्प बसण्याचा निरोपही मिळतो. दोन्ही एकदम करता आले तर उत्तम. गोळा एक-दोन मिनिटांत सुटला पाहिजे. एकाच पायाची पोटरी दिवसभर दुखत राहिली, सुजली, गरम लागली तर तो गोळा नव्हे. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. अशी पोटरी चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.